कटु म्हणजे ‘आमारो’ लिहून बसले! योग-आयुर्वेदाचे कागद इटालियनमध्ये करताना संस्कृत शब्द ठेवायचे की बदलायचे?

पळसफूल | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी आर्वीच्या अलीकडच्या एका खेड्यात राहते. नवऱ्याच्या नोकरीपायी पाच वर्षं बोलोन्यात गेली, त्यात इटालियन बोलायला-लिहायला आलं. परत आल्यावर वाटलं होतं, आता ही भाषा तुरीच्या शेतात कोणाशी बोलायची? पण चुलत दिरांनी शेतातच योग आणि आयुर्वेदाचं छोटं शिबिर सुरू केलं. दर थंडीत दहा-बारा इटालियन पाहुणे दोन आठवडे येऊन राहतात. आहाराचा, काढ्यांचा आणि आसनांचा असे तीन कागद प्रत्येकाला मिळतात. मूळ कागद आमच्याकडे येणारे वैद्यकाका लिहितात. भाषा मराठी, पण निम्मे शब्द संस्कृत. त्याचं इटालियन मी करते.

गेल्या वर्षी पित्ताच्या कागदावर काकांनी लिहिलं होतं : कटु, अम्ल, लवण टाळा, मधुर, तिक्त, कषाय घ्या. मी बिनदिक्कत कटु म्हणजे कडू धरलं आणि ‘आमारो’ लिहिलं. तिक्त म्हणजे तिखट धरून ‘पिक्कान्ते’. रात्री जेवताना एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अहो, आम्ही बाटली आणलीच नाहीये. मला कळेना. मग उजेड पडला की इटलीत जेवणानंतर छोट्या पेल्यात घेतात त्या वनस्पतींच्या दारूलाही आमारोच म्हणतात. त्यांना वाटलं, दारूबंदीची सूचना आहे. हसलो आणि विसरलो.

चौथ्या दिवशी पंगतीत बघते तर पित्तवाल्या टेबलावर कारल्याची भाजी जशीच्या तशी, आणि ठेच्याची वाटी दोनदा रिकामी. त्यातल्या एकीच्या छातीत रात्रभर जळजळ. वाढणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, “ताई, हे लोक कागद उलटा वाचून राहिले का?” वाचणारे सरळच वाचत होते, लिहिणारीनं उलटा लिहिला होता.

आता २० तारखेला नवा गट येतोय. काका म्हणतात, सगळे संस्कृत शब्द तसेच ठेव, म्हणजे चूक होणारच नाही. दीर म्हणतात, पाहुण्यांना कळेल तेच लिही. मी मधे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

---

मिलानोकर | ३ डिसेंबर, रात्री ११:१५

पळसफूल, मी अकरा वर्षं मिलानजवळ आहे, त्यामुळे हक्कानं लिहितो. सगळं इटालियन करा. वात म्हणजे ‘आरिया’, पित्त म्हणजे ‘बिले’, कफ म्हणजे ‘फ्लेम्मा’. यांच्याकडे जुन्या वैद्यकात असेच दोष होते, तीच गोष्ट आहे, लोकांना लगेच ओळखीचं वाटेल.

आणि एक, ‘ल्यी आसाना’ असं लिहीत असाल तर चूक आहे. शेवटी आ आहे म्हणजे स्त्रीलिंग, ‘ले आसाना’ म्हणायचं. माझ्या बायकोच्या योगवर्गात सगळे तसंच म्हणतात.

शिवाय कटु म्हणजे कडू यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कुटकी घ्या. संस्कृत नाव कटुका, आणि चव? जिभेवर ठेवून बघा. कडूजहर!

---

वऱ्हाडी ठेचा | ४ डिसेंबर, सकाळी ६:५०

राजेहो, सकाळी सकाळी ठेच्याचं नाव वाचलं अन् धावत आलो. ताई, मले बी पित्ताचा लय तरास हाये. ठेचा नाई खाल्ला तर जेवन जात नाई, अन् खाल्ला तर रातभर बसून काढा लागते. कारलं खाल्ल्यानं जाईन का हे? किती दिवस खाऊ?

---

वैद्य_अचलपूर | ४ डिसेंबर, दुपारी २:३०

ठेचासाहेब, रातभर बसून काढावं लागत असेल तर जवळच्या डॉक्टरला दाखवा. इथं लिहून त्याचं उत्तर देता येणार नाही, मी देणारही नाही.

पळसफूलताई, तुमची चूक मराठी माणसाची खास चूक आहे. मी पहिल्या वर्षाला असताना आमच्या वर्गात निम्म्यांनी केली होती. संस्कृत कटु म्हणजे आपलं तिखट. संस्कृत तिक्त म्हणजे आपलं कडू. ‘कडू’ हा शब्द कटुपासूनच आला आणि वाटेत त्याची चव बदलली. जुनी चव हिंदीत एका ठिकाणी टिकून आहे : मोहरीच्या तेलाला ते ‘कड़वा तेल’ म्हणतात. मोहरीचं तेल कडू नसतं, नाकात झणझणतं.

खात्री करायची असेल तर दोन औषधांची नावं आठवा. त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. तिन्हीत कडू काही नाही, तिन्ही तिखट. आणि पंचतिक्त म्हणजे कडुनिंब, गुळवेल, अडुळसा, पटोल, रिंगणी. यात तिखट काही नाही. वाग्भटांनी तर सहा रस मोजताना कटुच्या जागी ‘ऊषण’ म्हणजे उष्ण, जाळणारा हा शब्द घातला आहे, त्यामुळे शंकेला जागाच राहत नाही. त्याच्याच पुढच्या श्लोकात ‘कषायतिक्तमधुराः पित्तम्’ आहे. तुमच्या वैद्यांच्या कागदावरची ओळ तिथूनच आली असणार.

मिलानोकर, कुटकीचा मुद्दा चांगला काढलात, पण तो तुमच्या विरुद्ध जातो. कुटकीचा रस तिक्तच सांगितला आहे, कटु आहे तो तिचा विपाक, म्हणजे पचल्यानंतरचा परिणाम. आणि तिचं दुसरं नाव ‘तिक्ता’ असंच आहे. वनस्पतीच्या नावावरून चव ठरवायची नसते.

---

पळसफूल | ४ डिसेंबर, रात्री ८:०५

वैद्यसाहेब, त्रिकटु डब्यावर रोज बघते, पण डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. म्हणजे इटालियनला दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडे पिक्कान्ते आणि आमारो हे दोन्ही शब्द चोख आहेत. मी संस्कृतातून इटालियनमध्ये जाताना मराठीच्या पुलावरून गेले आणि पूल उलटा निघाला.

मग काकांचं म्हणणं मानून कागदावर ‘कातु’, ‘तिक्ता’ असं ठेवलं असतं तर? तीस वेळा वाचूनही पाहुण्याला कळलं नसतं की कारलं खायचं की ठेचा. चूक झाली नसती हे खरं, पण सूचनाच झाली नसती. शिवाय रसाला ‘रासा’ लिहिलं तर इटालियनमध्ये त्याचा अर्थ भादरलेली असा होतो.

मिलानोकर, आरिया-बिले-फ्लेम्माबद्दल मी उलट मताची आहे. त्यांच्या जुन्या वैद्यकात चार द्रव होते : रक्त, कफासारखं काहीतरी आणि दोन पित्तं, पिवळं आणि काळं. त्यात वात कुठेच नाही. आपले तीन त्यांच्या चारात बसवायला गेलं की एक उरतो आणि एक सापडत नाही. आज ‘बिले’ म्हटलं की माणूस पित्ताशयावर हात ठेवतो. ‘फ्लेम्मा’ म्हटलं की संथ, थंड डोक्याचा माणूस आठवतो. आणि या सगळ्या द्रवांना मिळून जो शब्द आहे, ‘ऊमोरे’, तो आता मूडसाठी वापरतात. ‘तुमचा ऊमोरे बिघडला आहे’ असं लिहिलं तर समोरचा म्हणेल, नाही हो, मजेत आहे.

म्हणून वात, पित्त, कफ मी तसेच ठेवते. पहिल्या पानावर एकदा चार ओळींत समजावते आणि पुढे नुसतं नाव. (दक्षिणेकडच्या एका पाहुण्याला मात्र पित्ता वाचून भूक लागली. कालाब्रियात पित्ता नावाची रोटी असते.)

---

नवखा१२ | ४ डिसेंबर, रात्री ८:३०

एक बाळबोध प्रश्न. इंग्रजी कागद दिला तर काय होतं? सगळ्यांना येत असेलच ना.

---

पळसफूल | ४ डिसेंबर, रात्री ८:४४

साठीच्या पुढचे निम्मे असतात. काढ्याची सूचना अर्धवट कळण्यापेक्षा न दिलेली बरी.

---

वऱ्हाडी ठेचा | ५ डिसेंबर, सकाळी ७:१०

डाक्टरले दाखवतो बाप्पा. पन वैद्यसायेब, तुमी पिंपळीचं नाव काढलं म्हून सांगतो. आमी अंजनगाव सुर्जीकडचे. आमच्या बाबाचा पानमळा अन् पानपिंपळी होती. पिंपळी तोडाले बसलं की हाताची आग आग होते, डोळ्याले हात लावला तर मेलाच समजा. ते कडू कायले म्हनान? तिखटच हाये ते. ताई, पिंपळीले इटालीत काय म्हनते?

---

पळसफूल | ५ डिसेंबर, सकाळी १०:२०

दादा, ‘पेपे लुंगो’ म्हणतात. पेपे म्हणजे मिरी, लुंगो म्हणजे लांब. हा त्यांच्याकडे आधीपासूनचा शब्द आहे, मी बनवलेला नाही.

---

वैद्य_अचलपूर | ५ डिसेंबर, दुपारी १:५५

आणि तो ‘पेपे’ मुळात आपलाच. लॅटिन ‘पीपेर’ ग्रीकमार्गे संस्कृत पिप्पलीपासून आला असं मानतात. पहिल्या शतकात प्लिनीनं रोममधले भाव लिहून ठेवले आहेत : पिंपळी १५ दिनार पौंड, पांढरी मिरी ७, काळी ४. म्हणजे ठेचासाहेबांचा माल काळ्या मिरीच्या जवळपास चौपट भावानं जात होता. ताई, इथं तुम्ही ‘पिप्पली’ लिहा किंवा ‘पेपे लुंगो’ लिहा, शब्द एकच आहे, फक्त दोन हजार वर्षं फिरून आला आहे. अशा ठिकाणी तिथल्या दुकानात जे नाव सांगून वस्तू मिळेल ते लिहावं.

मात्र हिरड्याला जपा. त्यांचा ‘मिरोबालानो’ म्हणजे आपला हिरडा-बेहडा वर्ग. पण ‘मिराबोलानो’ म्हणजे एक आंबटगोड आलुबुखाऱ्याचं झाड. एका अक्षराची अदलाबदल. त्रिफळ्याच्या जागी कोणी मुरंबा आणून बसेल. तिथं वनस्पतीचं शास्त्रीय नाव दिल्याशिवाय सुटका नाही.

---

वऱ्हाडी ठेचा | ५ डिसेंबर, सायंकाळी ६:१५

चौपट! अन् आमाले व्यापारी म्हनते, यंदा उठाव नाई.

---

सुमेधा_यवतमाळ | ५ डिसेंबर, रात्री ९:३०

इतका वेळ नुसतं खाणं चाललंय, आसनांच्या कागदाचं कोणी बोलतच नाही. मी योगशिक्षिका आहे. इटालियन येत नाही, पण दोन वर्षांपूर्वी वर्ध्याला परदेशी पाहुण्यांचे वर्ग घेतले होते. पळसफूल, ताडासनाला तुम्ही काय लिहिता?

---

पळसफूल | ५ डिसेंबर, रात्री ९:४१

‘मोन्तान्या’, पर्वत. इटालियन योगाच्या पुस्तकांत तेच असतं.

---

सुमेधा_यवतमाळ | ५ डिसेंबर, रात्री १०:०५

मग तुमच्या वर्गात कोणी टाचा उचलत नसेल.

अय्यंगार पद्धतीत ताडासन म्हणजे नुसतं ताठ उभं राहणं. पाय जुळलेले, हात बाजूला, पर्वतासारखं स्थिर. पण बिहार स्कूलमध्ये आणि २१ जूनला आपण सरकारी पत्रकाप्रमाणे करतो त्यात हात वर, बोटं गुंफलेली, टाचा उचललेल्या. ते ताडाचं झाड आहे. मराठी माणसाला ताड म्हटलं की झाडच दिसतं. तुमच्या कागदावर कृती कोणती आहे?

---

पळसफूल | ५ डिसेंबर, रात्री १०:२०

आत्ता काढून बघितला. कृती टाचा उचलायची आहे आणि वर मथळा पर्वताचा. मागच्या वर्षी तिघंजण शेवटपर्यंत हात खाली ठेवून उभे होते. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. ते मथळा वाचून त्यांना आधीच येत असलेलं आसन करत होते!

मग ‘पाल्मा’ लिहू का? पण पाल्मा म्हणजे तळहातसुद्धा.

---

मिलानोकर | ६ डिसेंबर, दुपारी १२:४०

पाल्मा चालेल, ‘पोझित्सिओने देल्ला पाल्मा’ म्हटलं की संदर्भानं झाडच कळतं. पण माझं मत : आसनांची नावं संस्कृतच ठेवा. इथल्या वर्गांत ‘काने आ तेस्ता इन जू’ म्हणजे डोकं खाली घातलेला कुत्रा, इतकं लांबलचक बोलतात आणि तोपर्यंत पुढचं आसन येतं. कालपर्यंत मी सगळं इटालियन करा म्हणत होतो हे मान्य, पण आसनांना वेगळा न्याय.

लिंगाचं मात्र मी सोडत नाही. ले आसाना.

---

वैद्य_अचलपूर | ६ डिसेंबर, दुपारी ३:१०

आसनम् हे नपुंसकलिंगी. इटालियनमध्ये नपुंसक नाही, मग ते पुल्लिंगात जातं असं ऐकून आहे. ताई सांगतील.

---

पळसफूल | ६ डिसेंबर, रात्री ८:१५

बरोबर. जाणकार ‘ल्यी आसाना’ लिहितात, आणि शेवटी आ असला म्हणजे स्त्रीलिंगच असंही नाही. ‘इल प्रोब्लेमा’, ‘इल पिजामा’ पुल्लिंगीच आहेत, पायजमा तर आपल्याकडूनच गेलेला. पण वर्गावर्गांत ‘ले आसाना’ सर्रास ऐकू येतं हेही खरं. डोक्यात ‘ले पोझित्सिओनी’, म्हणजे स्थिती, हा स्त्रीलिंगी शब्द असतो त्यामुळे. मुद्रेला मात्र स्त्रीलिंग द्यावं, संस्कृतात ती स्त्रीलिंगीच आहे. मी छापताना ल्यी लिहीन, पाहुणे ले म्हणाले तर दुरुस्त करणार नाही.

सुमेधाताई, मथळ्याला ‘ताडासन’ संस्कृतच ठेवते आणि खाली पहिलंच वाक्य ‘टाचा जमिनीवरून उचला’. म्हणजे ओळखीचा शब्द बघून कोणी पुढचं वाचायचं सोडणार नाही.

---

सुमेधा_यवतमाळ | ६ डिसेंबर, रात्री ८:५०

नाव संस्कृत ठेवलं तरी अय्यंगारवाले पाहुणे तेच करतील, त्यांना ‘ताडासन’सुद्धा ओळखीचं असतं. मी असते तर ‘हात वर घेऊन ताडासन’ असं लिहिलं असतं. बघा बुवा.

आणि श्वासाचं काय करता? बोलून दाखवता की कागदावरच?

---

पळसफूल | ६ डिसेंबर, रात्री ९:३०

श्वासानं तर रडवलंय. आत घ्या म्हणजे ‘इन्स्पीरा’, बाहेर सोडा म्हणजे ‘एस्पीरा’. आमचा हॉल टिनाच्या पत्र्याचा, दोन्ही शब्दांचा मागचा भागच घुमतो : ‘स्पीरा, स्पीरा’. निम्मे घेतात, निम्मे सोडतात. कागदावरही धोका आहे. एक न् खाल्ला की ‘इस्पीरा’ होतं, म्हणजे प्रेरणा दे. मी एकदा छापलंय तसं : नाकपुडी बंद करून हळूहळू प्रेरणा द्या.

मग एक वर्ष ‘एझाला’ वापरून बघितलं, त्याचाही अर्थ श्वास सोडणं. पण इटालियन कानाला त्याच्यामागे ‘शेवटचा श्वास’ ऐकू येतो. आपल्याकडे ‘प्राण सोडा’ म्हटल्यासारखं.

शवासनाची अशीच गंमत. पुस्तकात ‘कादावेरे’ असतं, प्रेत. ते फार कोरडं वाटून मी बोलताना ‘मेल्यासारखे व्हा’ म्हणायला गेले आणि ‘फारे इल मोर्तो’ म्हणाले. त्याचा रोजच्या बोलण्यातला अर्थ पाण्यावर उताणं तरंगणं! पण खरं सांगू, परिणाम उत्तम झाला. सगळे इतके सैल पडले की दोघं घोरायला लागले.

---

सुमेधा_यवतमाळ | ७ डिसेंबर, सकाळी ६:२०

मग श्वासाला आपलेच शब्द द्या ना. पूरक, रेचक. पहिल्या दिवशी दहा मिनिटं : हात वर नेत पूरक, खाली आणत रेचक. दोन्हीची सुरुवात वेगळी, ओठ वेगळे हलतात, मागच्या रांगेलाही कळतं. वर्ध्याला मी हेच केलं, तिसऱ्या दिवशी सगळे त्यावर श्वास घेत होते. कुंभकाला तुम्ही काय म्हणता?

---

पळसफूल | ७ डिसेंबर, सकाळी ९:००

‘आप्नेआ’ म्हणत होते. पण तो शब्द पाणबुड्यांचा आणि घोरणाऱ्यांच्या आजाराचा. म्हटलं की लोक पाण्यात उडी मारण्याआधी भरतात तशी छाती भरून घेतात, खांदे कानाला लागतात. ‘रितेन्त्सिओने’ त्यातल्या त्यात बरा. पण तुमच्या जोडीत कुंभक जसाच्या तसा बसेल.

बघा, मी मनाशी ठरवत आले होते की हातानं किंवा जिभेनं काही करायचं असेल तिथं इटालियन, आणि नुसतं नाव असेल तिथं संस्कृत. पूरक-रेचकानं त्याला पहिला खड्डा पाडला. करण्याचीच गोष्ट आहे आणि संस्कृतच सरस ठरतंय, तेही केवळ आवाजामुळे. कागदावर मात्र इन्स्पीरा-एस्पीराच ठेवीन, तिथं घुमत नाही. न् मात्र दोनदा तपासणार.

---

वैद्य_अचलपूर | ७ डिसेंबर, दुपारी २:४५

काढ्याचा कागद राहिला. तो इथं टाका, माझ्या मते खरी जोखीम तिथं आहे.

---

पळसफूल | ७ डिसेंबर, रात्री ९:१०

काकांचं मूळ : ‘१० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, मंद आचेवर चतुर्थांश उरेपर्यंत आटवून गाळून घ्यावे.’

पहिल्या वर्षी मी काढ्याला ‘तिझाना’ लिहिलं. घरोघरी चालतो तो शब्द. परिणाम असा की परत गेल्यावर एका बाईनं फोटो पाठवला : कपात भरड, वरून गरम पाणी, पाच मिनिटं बशी झाकून. सोनेरी, सुगंधी पाणी. काढा नव्हताच तो.

---

वैद्य_अचलपूर | ७ डिसेंबर, रात्री ९:५५

तो फांट झाला. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं आणि गाळायचं तो फांट, थंड पाण्यात रात्रभर भिजवायचं तो हिम, आणि आटवायचा तो क्वाथ. साल, मूळ, लाकूड असेल तर फांटात काही उतरत नाही, आटवावंच लागतं. उलट सुगंधी पानं-फुलं आटवली तर गंधाबरोबर गुणही वाफेत जातो. इटालियनमध्ये हा भेद आहे का?

---

पळसफूल | ७ डिसेंबर, रात्री १०:१०

आहे, अगदी तंतोतंत. ओततात तो ‘इन्फूझो’, उकळतात तो ‘देकोत्तो’, थंडात भिजवतात तो ‘माचेरातो’. तिथल्या जडीबुटीच्या दुकानातली बाई हे तीन शब्द झोपेतसुद्धा चुकणार नाही. तिझाना हा सगळ्यांना कवेत घेणारा मोघम शब्द आहे, तोच मी उचलला. इथं ‘क्वाथ’ ठेवण्यात काहीच राम नाही, देकोत्तोच हवा.

पण पुढे आणखी एक ठेच लागली. ‘चतुर्थांश उरेपर्यंत आटवा’ याचं मी ‘रिदुर्रे दी उन क्वार्तो’ केलं होतं. ‘दी’ म्हणजे चतुर्थांशानं कमी करा. १६० चे १२० उरले. हवं होतं ‘आ उन क्वार्तो’, चतुर्थांशावर आणा, म्हणजे ४०. एका अक्षरानं काढा तिप्पट पातळ. मला कळलं ते केवळ एकानं विचारलं म्हणून, “एवढा मोठा पेला रोज दोनदा प्यायचा?”

---

वैद्य_अचलपूर | ७ डिसेंबर, रात्री १०:३०

अपूर्णांक लिहूच नका. ‘१६० मिली घाला, ४० मिली उरलं की उतरवा.’ शार्ङ्गधरात सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवायला सांगितलं आहे, व्यवहारात आम्ही बहुतेक चतुर्थांशावर थांबतो. पाहुण्यानं कुठे वाचून आठवा भाग केला तर काढा दुप्पट दाट होईल. दोन्ही आकडे छापले की वादच मिटला. भांड्यात ४० मिली पाणी आधी ओतून काडी उभी धरायची, खूण करून ठेवायची, आणि तिथपर्यंत आटवायचं. आमच्याकडे आजीबाई तसंच करतात.

आणि कषाय शब्द सांभाळा. रस म्हणून तुरट, औषध बनवायची रीत म्हणून काढा.

---

पळसफूल | ७ डिसेंबर, रात्री १०:४२

तो प्रकार झालाय. विचारू नका. ‘सकाळी कषाय घ्यावा’चं मी ‘सकाळी काहीतरी तुरट खावं’ केलं होतं.

तुरटालाही मला धड शब्द मिळत नाहीये. ‘आस्त्रिन्जेन्ते’ बरोबर आहे, पण त्यानं लोकांना तोंड धुण्याचं लोशन किंवा जुलाब थांबवणारं औषध आठवतं. चव आठवत नाही.

---

वऱ्हाडी ठेचा | ८ डिसेंबर, सकाळी ६:४०

तुरट म्हंजे कच्चं टेंभरू. आमी लहानपनी मेळघाटात मामाकडं जाऊ तवा खाऊ. जीभ टाळूले चिपकून जाते, तोंडातून शब्द निंघत नाई. त्या लोकायले टेंभरू खाऊ घाला, समजून जाईन.

---

पळसफूल | ८ डिसेंबर, सकाळी ९:२५

दादा, तुम्ही शब्द शोधून दिलात! टेंभुर्णीच्याच जातकुळीतलं फळ इटलीत घरोघरी असतं, ‘काकी’. नारिंगी, पिकल्यावर अगदी मऊ. कच्चं खाल्लं तर तोंड असंच आवळतं आणि त्याला ते ‘आल्लाप्पा’ म्हणतात. आजी नातवाला म्हणते तो शब्द. आस्त्रिन्जेन्तेच्या पुढे लिहिते : कच्च्या काकीसारखं, जे आल्लाप्पा करतं ते. बोलोन्यात आमच्या घरमालकिणीच्या अंगणात ते झाड होतं, नोव्हेंबरात पानं गळून नुसती फळं लटकायची.

आता शेवटचं अडलेलं : आम. ‘अग्नी मंद झाला की आम साठतो.’ अग्नीला ‘पचनाचा अग्नी’ असं सरळ इटालियन होतं. पण ‘आमा’ म्हणजे इटालियनमध्ये ‘तो प्रेम करतो’. आणि उपपद लावून ‘ल’आमा’ केलं की ‘तो तिच्यावर प्रेम करतो’. मंदाग्नी झालेल्या माणसाच्या पोटात तिच्यावर प्रेम साठतंय.

---

मिलानोकर | ८ डिसेंबर, दुपारी १:१५

😂 ‘तोस्सीने’ लिहा, विषारी द्रव्यं. सगळे तेच लिहितात. रोममध्ये कचरा उचलणाऱ्या पालिकेच्या कंपनीचं नावही आमा आहे, त्यामुळे रोमचे पाहुणे असतील तर तसंच ठेवा, अर्थ आपोआप पोचेल.

---

वैद्य_अचलपूर | ८ डिसेंबर, दुपारी ३:३०

कचऱ्याचा विनोद आवडला, पण तोस्सीने नको. त्यानं वाटतं की बाहेरून काही विष आत आलं आणि ते धुऊन काढायचं. मग पाहुणे लगेच उपास आणि जुलाब मागतात. आम म्हणजे कच्चं राहिलेलं. अग्नी कमी पडला म्हणून पहिला धातूच अर्धवट शिजला. उपाय धुण्याचा नाही, आच वाढवण्याचा. ‘न पचलेलं अन्न’ म्हटलं तर तेही अपुरं, ते फक्त पोटातलं झालं.

---

पळसफूल | ८ डिसेंबर, रात्री ९:००

‘कच्चं’ला ‘क्रूदो’ आहे. पण क्रूदो म्हटलं की त्यांना सुकवलेलं हॅम आठवतं. 🙁 तात्पुरतं ‘जे अर्धवट शिजून राहिलं’ असं लांबलचक लिहिते, आणि कंसात आम, पण आ वर रेघ देऊन. रेघेमुळे निदान तो क्रियापद वाटणार नाही. कोणाला याहून बरं सुचलं तर २० तारखेच्या आत सांगा.

पित्ताच्या कागदाची नवी ओळ अशी केली आहे : ‘पिक्कान्ते, आंबट, खारट टाळावे (मिरची, ठेचा, लोणचं). गोड, कडवट आणि आल्लाप्पा करणारं घ्यावं (भात, तूप, कारलं).’ क्रियापद मुद्दाम नुसतं मूळ रूपात ठेवलंय, इटालियन पत्रकांत तसंच असतं. आपल्या ‘घ्यावे-टाळावे’ला ते अगदी जुळतं, तू-तुम्हीचा प्रश्नच येत नाही. आमारो हा शब्द एकटा कुठेही ठेवला नाही, ‘कडवट चवीचे पदार्थ’ असंच लिहिलं, म्हणजे बाटलीची शंका नको.

---

सुमेधा_यवतमाळ | ८ डिसेंबर, रात्री ९:२०

ताडासनाचं काय ठरलं?

---

पळसफूल | ८ डिसेंबर, रात्री ९:२२

हात वर घेऊन ताडासन. तुमचंच ठेवलं.

---

वऱ्हाडी ठेचा | ९ डिसेंबर, सकाळी ७:०५

ताई, डाक्टरनं ठेचा बंद केला. गोळ्या देल्ल्या. तुमच्या पाहुन्यायले पानपिंपळीचा मळा पाहाचा असन तर घेऊन या अंजनगावले, थोडासाच राह्यला हाये. पन पिंपळीले हात लावल्यावर डोळे चोळू नका हे इटालीत कसं म्हनते ते आधी लिहून आना.

---

पळसफूल | ९ डिसेंबर, सकाळी १०:१५

‘नोन स्त्रोफिनार्सी ल्यी ओक्की.’ नक्की येतो दादा, जानेवारीत.